शाळेची इमारत आणि कंपनीची हिशेबवही : महाड-पोलादपूर परिसरातील सामाजिक उत्तरदायित्वाच्या खर्चाची नोंद

बीजशब्द : सामाजिक उत्तरदायित्व, शाळा प्रकल्प, नफा-तोटा पत्रक, तरतूद, जिल्हा परिषद, महाड, पोलादपूर

प्रस्तावना :

कंपनीच्या वार्षिक अहवालात वित्तीय पत्रकांना जोडलेल्या टिपा असतात. त्यांपैकी एक टीप सामाजिक उत्तरदायित्वाच्या, म्हणजे व्यवहारात ज्याला सर्वत्र सीएसआर म्हटले जाते त्या खर्चाची असते. या टिपेत बहुधा दोन ओळी आढळतात. पहिली ओळ 'मालमत्तेची उभारणी अथवा संपादन' अशी असते आणि दुसरी 'वरील व्यतिरिक्त अन्य प्रयोजनासाठी' अशी. एखाद्या कंपनीने शाळेच्या वर्गखोल्या बांधल्या असतील तर ती रक्कम पहिल्या ओळीत दिसते. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी हा 'मालमत्ता' शब्द वाचून ताळेबंदाकडे वळतो आणि स्थिर मालमत्तेच्या परिशिष्टात ती इमारत शोधू लागतो. ती तेथे सापडत नाही. जमिनीत नाही, इमारतीत नाही, अपूर्ण भांडवली कामातही नाही. टिपेत जिला मालमत्ता म्हटले ती मालमत्ता कंपनीच्या ताळेबंदातून गेली कोठे, हा प्रश्न वर्गात वारंवार निघतो आणि त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मागोवा महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांच्या संदर्भात घेतला आहे. हा परिसर निवडण्यास कारण आहे. महाड औद्योगिक वसाहतीत रसायननिर्मिती करणाऱ्या अनेक कंपन्यांचे कारखाने आहेत. हिकल, प्रिवी, लक्ष्मी ऑरगॅनिक, विनती ऑरगॅनिक्स ही त्यांतील परिचित नावे होत. यांपैकी शेवटच्या दोन कंपन्यांची नोंदणीकृत कार्यालयेच महाडच्या वसाहतीत आहेत. लगतच्या पोलादपूर तालुक्यात महाडसारखी मोठी वसाहत नाही, मात्र डोंगरउतारावरील वाड्यांमध्ये जिल्हा परिषदेच्या लहान लहान शाळा आहेत. नफा एका तालुक्यात निर्माण होतो आणि गरज शेजारच्या तालुक्यात आहे, अशा ठिकाणी खर्चाची नोंद कशी होते हा केवळ लेखाशास्त्राचा विषय राहत नाही. लेखातील आकडेमोडीचे उदाहरण विवेचनाच्या सोयीसाठी घेतलेले काल्पनिक उदाहरण असून ते कोणत्याही विशिष्ट कंपनीचे नाही.

खर्चाचे बंधन कोठून येते :

कंपनी कायदा २०१३ मधील कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. लगतच्या मागील आर्थिक वर्षात ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी रुपये किंवा अधिक, अथवा उलाढाल १००० कोटी किंवा अधिक, अथवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा अधिक असेल, त्या कंपनीस हे कलम लागू होते. तिन्ही अटी पूर्ण होण्याची गरज नाही. एक पुरेशी आहे. महाडमधील मध्यम आकाराचा कारखाना बहुधा तिसऱ्या अटीमुळे या कक्षेत येतो. अशा कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम अनुसूची सातमधील कार्यांवर खर्च करावयाची असते. येथे नफा म्हणजे नफा-तोटा पत्रकाच्या तळाशी दिसणारा आकडा नव्हे, तर कलम १९८ नुसार काढलेला करपूर्व नफा होय. शिक्षणाचा प्रसार हे अनुसूची सातमधील दुसऱ्या क्रमांकाच्या बाबीत येते.

याच कलमात कंपनीने आपल्या कार्यक्षेत्रास व त्याच्या आसपासच्या भागास प्राधान्य द्यावे असेही म्हटले आहे. हे प्राधान्य मार्गदर्शक आहे, सक्तीचे नाही, असा खुलासा केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाने केला आहे. त्यामुळे महाडच्या कारखान्याने पोलादपूरच्या शाळेवर खर्च करणे कायद्याच्या भावनेस धरून आहे; तथापि त्याने तो न केल्यास त्यास कोणी जाब विचारू शकत नाही.

मालमत्ता नव्हे, खर्च :

भारतीय सनदी लेखापाल संस्थेने मे २०१५ मध्ये सामाजिक उत्तरदायित्वाच्या खर्चाच्या लेखांकनाविषयी मार्गदर्शक टिपण प्रसिद्ध केले. त्यात घेतलेले उदाहरण नेमके शाळेचेच आहे. कंपनीने शाळेची इमारत बांधून ती चालविण्यासाठी व तिची निगा राखण्यासाठी ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित केली, तर ती इमारत कंपनीच्या पुस्तकांत मालमत्ता म्हणून दाखवू नये आणि खर्च जसजसा होईल तसतसा नफा-तोटा पत्रकास लावावा, असे त्यात सांगितले आहे. यामागील तर्क साधा आहे. लेखाशास्त्रात मालमत्ता म्हणजे जिच्यावर संस्थेचे नियंत्रण आहे आणि जिच्यापासून संस्थेस भविष्यात आर्थिक लाभ अपेक्षित आहे अशी वस्तू. वाडीवरील शाळेची खोली कंपनीच्या ताब्यात नसते, तिचे भाडे कंपनीस मिळत नाही आणि ती विकून पैसे उभे करण्याचा अधिकारही कंपनीस नसतो. विटा, सिमेंट आणि लोखंड खरे आहे; कंपनीच्या दृष्टीने मालमत्ता मात्र नाही.

२२ जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या सुधारित नियमांनी हा प्रश्न अधिकच स्पष्ट केला. या नियमांनुसार सीएसआर निधीतून उभी राहिलेली भांडवली मालमत्ता कंपनीने स्वतःच्या नावावर ठेवताच येत नाही. ती धर्मादाय उद्देशाच्या व सीएसआर नोंदणी क्रमांक असलेल्या कंपनी, न्यास अथवा सोसायटीकडे, लाभार्थ्यांच्या बचत गट किंवा समूहासारख्या संस्थेकडे, अथवा सार्वजनिक प्राधिकरणाकडे असावी लागते. सार्वजनिक प्राधिकरण या शब्दाचा अर्थ माहिती अधिकार कायद्यातील व्याख्येप्रमाणे घ्यावयाचा असल्याने जिल्हा परिषद व ग्रामपंचायत या दोन्ही संस्था त्यात बसतात. ज्या कंपन्यांनी २०२१ पूर्वी अशा मालमत्ता स्वतःकडे ठेवल्या होत्या त्यांना १८० दिवसांत त्या हस्तांतरित करण्याचे बंधन घालण्यात आले.

तेव्हा टिपेतील 'मालमत्तेची उभारणी' ही ओळ खर्चाचे स्वरूप सांगते, मालकी सांगत नाही. पैसा टिकाऊ वस्तूवर गेला की शिष्यवृत्ती, वह्या, शिक्षकांचे मानधन यांसारख्या संपून जाणाऱ्या बाबींवर गेला, एवढेच ती ओळ वाचकास कळविते. हा शब्दप्रयोग फारसा सुदैवी नाही, असे म्हणणे भाग आहे.

मार्गदर्शक टिपणाने आणखी एक वाट बंद केली आहे. सीएसआर म्हणजे नफ्यातून दिलेले दान आहे, म्हणून तो नफा-तोटा पत्रकास न लावता राखीव निधीतून वळता करावा, असे मत काही काळ मांडले जात असे. आज ते ग्राह्य नाही. खर्च नफा ठरण्यापूर्वी वजा होतो आणि टिपेत स्वतंत्र दाखविला जातो. 'देणग्या', 'कर्मचारी कल्याण' किंवा 'जाहिरात' या शीर्षांखाली तो मिसळून टाकल्यास लेखापरीक्षकास तो शोधून बाहेर काढावा लागतो. शिवाय अशा शीर्षांमुळे शंकाही निर्माण होते, कारण केवळ कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी चालविलेली शाळा किंवा कंपनीच्या मालाच्या प्रसिद्धीसाठी दिलेले प्रायोजकत्व हे नियमांनुसार सीएसआरमध्ये धरता येत नाही.

एक उदाहरण :

महाड वसाहतीतील एक कंपनी कल्पू या. कलम १९८ नुसार तिचा मागील तीन वर्षांचा नफा अनुक्रमे ४०, ५० आणि ६० कोटी रुपये आहे. सरासरी ५० कोटी. तिचे दोन टक्के म्हणजे १ कोटी रुपये हे २०२४-२५ या वर्षाचे दायित्व होय. संचालक मंडळाने ठरविले की ७० लाख रुपये अन्य उपक्रमांवर खर्च करावेत आणि ३० लाखांतून पोलादपूर तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या एका प्राथमिक शाळेसाठी दोन वर्गखोल्या व मुलींसाठी स्वच्छतागृह बांधावे. या ३० लाखांत ठेकेदाराच्या कामाचे मूल्य सुमारे २५.४२ लाख आणि त्यावरील अठरा टक्के वस्तू व सेवा कर सुमारे ४.५८ लाख आहे. एरवी कारखान्याच्या खरेदीवर भरलेला हा कर कंपनी पुढील देय करातून वजा करून घेते. सीएसआरच्या कामावरील करास मात्र १ ऑक्टोबर २०२३ पासून ही वजावट मिळत नाही. म्हणून तो कर इमारतीच्या खर्चाचाच भाग बनतो. ३० लाखांच्या मंजुरीत प्रत्यक्ष बांधकाम २५ लाखांचेच होते, ही बाब शाळेकडून अंदाजपत्रक मागविताना अनेकदा लक्षात घेतली जात नाही आणि मग फरशी किंवा रंगकाम शेवटी राहून जाते.

आता वेळापत्रक पाहू. मागील वर्षाचे हिशेब पूर्ण होऊन वार्षिक कृती आराखडा मंजूर होईपर्यंत मे महिना उजाडतो. जिल्हा परिषदेची लेखी संमती व नकाशाची मान्यता यांसाठी कागद पोलादपूरच्या पंचायत समितीतून अलिबागच्या मुख्यालयात जाऊन परत यावयाचे असतात. तोवर मृग लागतो. महाड-पोलादपूरच्या पावसात पाया खणण्याचा विचार कोणी करीत नाही. काम दसऱ्यानंतर सुरू होते आणि आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. हाती साडेपाच महिने असतात, त्यात वाळू, खडी व लोखंड अरुंद रस्त्याने वर चढवायचे असते. म्हणजे कायद्याचे वर्ष आणि कोकणातील बांधकामाचा हंगाम यांचा मेळ मुळातच बसत नाही. सीएसआरच्या शाळा प्रकल्पात 'अखर्चित रक्कम' हा प्रश्न उद्भवतो तो बहुतेक वेळा कोणाच्या हलगर्जीपणामुळे नव्हे, तर या विसंगतीमुळे.

उदाहरणातील कंपनीचे ३१ मार्च २०२५ पर्यंत ठेकेदारास १८ लाख रुपये देऊन झाले आहेत. स्लॅब पडला आहे. गिलावा, दारे-खिडक्या व स्वच्छतागृह बाकी आहे. उरलेले १२ लाख रुपये पुढील हंगामात लागतील. वर्षभरात १८ लाखांची नोंद रोजकीर्दीत अशी होते :

सीएसआर खर्च खाते नावे १८,००,०००
   बँक खात्यास १८,००,०००

काम अपूर्ण असले तरी येथे 'अपूर्ण भांडवली काम' हे खाते येत नाही, हे लक्षात घ्यावे. इमारत पूर्ण होऊन हस्तांतरित होईपर्यंत ती कंपनीच्याच ताब्यात आहे, असा युक्तिवाद कधी कधी केला जातो. परंतु जमीन शाळेची आहे, उभे राहणारे बांधकाम त्या जमिनीस चिकटलेले आहे आणि ते स्वतःकडे ठेवण्यास नियमच मनाई करतात. म्हणून खर्च जसा होतो तसा नफा-तोट्यास लागतो.

उरलेल्या १२ लाखांचे काय करावयाचे, हा खरा कसोटीचा मुद्दा आहे. २०२१ पूर्वी कंपनी कारण देऊन मोकळी होत असे. खर्च का झाला नाही हे संचालकांच्या अहवालात लिहिले की काम भागे. आता दोनच मार्ग उरले आहेत. प्रकल्प 'चालू प्रकल्प' म्हणून संचालक मंडळाने मान्य केलेला असेल, तर अखर्चित रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत, म्हणजे ३० एप्रिल २०२५ पर्यंत, अनुसूचित बँकेत त्या वर्षासाठी उघडलेल्या स्वतंत्र 'अखर्चित सीएसआर खात्यात' भरावी लागते आणि पुढील तीन आर्थिक वर्षांत खर्च करावी लागते. प्रकल्प चालू प्रकल्प नसेल, तर ती रक्कम सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत, पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीसारख्या अनुसूची सातमधील निधीत भरावी लागते.

दुसऱ्या मार्गाचा अर्थ पोलादपूरच्या शाळेसाठी काय होतो हे थांबून पाहण्यासारखे आहे. १२ लाख रुपये दिल्लीच्या निधीत गेले की कंपनीने कायदा पाळला. शाळेवर मात्र गिलावा नसलेल्या भिंती आणि दारे नसलेल्या चौकटी उरतात. त्या पूर्ण करायच्या तर पुढील वर्षाच्या दायित्वातून नव्याने तरतूद हवी आणि पुढील वर्षाचा आराखडा तोवर मंजूर झालेला असू शकतो. दोन वर्गखोल्यांचे भवितव्य अशा रीतीने मार्च अखेरीस संचालक मंडळाच्या इतिवृत्तातील एका ठरावावर अवलंबून असते. मंत्रालयाच्या खुलाशानुसार चालू प्रकल्प त्याच वर्षात सुरू झालेला असावा लागतो; कार्यादेश दिला गेला असेल किंवा कंत्राट बहाल झाले असेल तर तो सुरू झाला असे मानले जाते. प्रारंभी एका वर्षाचा म्हणून मान्य केलेला प्रकल्पही सयुक्तिक कारण नमूद करून मंडळ पुढे वाढवू शकते. कोकणातील पाऊस हे असे कारण होय, यात दुमत होण्याचे कारण नाही. पण ते मे महिन्यात आठवून उपयोग नाही, ३१ मार्चपूर्वी लिहिले गेले पाहिजे.

उदाहरणातील कंपनीने हा ठराव केला आहे असे धरू. मग वर्षअखेरीस नोंद होते :

सीएसआर खर्च खाते नावे १२,००,०००
   अखर्चित सीएसआर दायित्वाची तरतूद खात्यास १२,००,०००

त्यामुळे नफा-तोटा पत्रकात शाळेचे संपूर्ण ३० लाख आणि एकूण सीएसआरचे संपूर्ण १ कोटी रुपये २०२४-२५ मध्येच खर्ची पडतात. ताळेबंदात देयतांच्या बाजूस १२ लाखांची तरतूद दिसते. शाळेचा या ताळेबंदातील एकमेव ठसा तो हाच : मालमत्तेच्या बाजूस इमारत नाही, देयतांच्या बाजूस न पूर्ण झालेले वचन आहे. एप्रिलमध्ये रक्कम चालू खात्यातून अखर्चित खात्यात जाते तेव्हा फक्त एका बँक खात्यातून दुसऱ्यात बदल होतो. पुढील हिवाळ्यात काम पूर्ण होऊन ठेकेदारास पैसे दिले जातात तेव्हा तरतूद नावे पडते व अखर्चित खात्यातील शिल्लक संपते :

अखर्चित सीएसआर दायित्वाची तरतूद खाते नावे १२,००,०००
   अखर्चित सीएसआर बँक खात्यास १२,००,०००

२०२५-२६ च्या नफा-तोटा पत्रकावर या १२ लाखांचा काहीच परिणाम होत नाही. म्हणूनच केवळ त्या वर्षाचे पत्रक पाहणाऱ्या वाचकास शाळेवर त्या वर्षी काम झाले याचा सुगावा लागत नाही. तो तरतुदीतील चढउताराच्या टिपेत शोधावा लागतो. अशा तरतुदीची वर्षभरातील हालचाल, दायित्वाची रक्कम, झालेला खर्च, तूट, मागील वर्षांची एकूण तूट आणि तुटीचे कारण हे सारे जाहीर करण्याची आवश्यकता अनुसूची तीनमध्ये मार्च २०२१ च्या दुरुस्तीने घालण्यात आली. ३१ मार्च २०२८ पर्यंतही रक्कम खर्च झाली नाही तर ३० दिवसांत ती अनुसूची सातमधील निधीत जाते. हस्तांतर न करणाऱ्या कंपनीस हस्तांतरणीय रकमेच्या दुप्पट किंवा १ कोटी रुपये यांपैकी कमी असेल तेवढा दंड आहे. येथे तो २४ लाख होईल.

करविषयक बाजू थोडक्यात सांगता येईल. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात २०१४ साली घालण्यात आलेल्या स्पष्टीकरणानुसार सीएसआर खर्च हा व्यवसायासाठी केलेला खर्च मानला जात नाही. उदाहरणातील वर्षासाठी कंपनीच्या पुस्तकांत वजा झालेला १ कोटीचा खर्च करपात्र उत्पन्न काढताना पुन्हा मिळविला जातो. पुस्तकांतील नफा कमी होतो, कर कमी होत नाही. न्यासास दिलेल्या रकमेवर कलम ८०ग खालील वजावट मिळते की नाही यावर वाद झाले असून अनेक प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणांनी कंपन्यांच्या बाजूने निर्णय दिले आहेत. मात्र सवलतीच्या दराचा पर्याय घेतलेल्या कंपनीस ती वजावट मुळातच उपलब्ध नसते.

न्यासामार्फत खर्च झाल्यास :

सर्वच कंपन्या स्वतः ठेकेदार नेमत नाहीत. महाडमधील एखादी अनुदानित माध्यमिक शाळा चालविणारी शिक्षण संस्था सार्वजनिक न्यास असते. तिच्याकडे सीएसआर-१ या अर्जाद्वारे मिळालेला नोंदणी क्रमांक व प्राप्तिकराखालील आवश्यक नोंदण्या असतील, तर कंपनी तिला निधी देऊ शकते. येथे एक गैरसमज खोलवर रुजलेला दिसतो. मार्च महिन्यात न्यासाच्या खात्यात धनादेश जमा झाला की कंपनीचा खर्च झाला, असे दोन्ही बाजूंना वाटते. मंत्रालयाने ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे की अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेने रक्कम वापरल्याशिवाय केवळ निधी देणे म्हणजे खर्च होत नाही. १० लाख देऊन न्यासाने मार्चअखेर ६ लाखच वापरले असतील तर कंपनीचा खर्च ६ लाख आहे. ४ लाख कंपनीच्या पुस्तकांत अग्रिम म्हणून उरतात आणि अखर्चित दायित्वाचा प्रश्न तेवढ्यापुरता पुन्हा उभा राहतो. निधी मंजूर केलेल्या कामासाठीच वापरला गेला हे कंपनीच्या मुख्य वित्त अधिकाऱ्यास प्रमाणित करावे लागते. म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कंपनीकडून विनियोग प्रमाणपत्रासाठी येणारे तगादे हे केवळ कागदी सोपस्कार नसतात.

न्यासाच्या पुस्तकांत चित्र उलट दिसते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था नियमांतील अनुसूची आठ प्रमाणे ताळेबंद तयार होतो. मिळालेली रक्कम उत्पन्नात न मिसळता इमारत निधी म्हणून निधीच्या बाजूस जाते आणि बांधकाम पूर्ण होताच मालमत्तेच्या बाजूस इमारत दिसते, तिच्यावर पुढे घसाराही लावला जातो. महाविद्यालयीन प्राध्यापकांस हे ओळखीचे वाटेल, कारण त्यांच्या संस्थेचा ताळेबंद असाच असतो. मग कंपनीच्या पुस्तकांतून नाहीशी झालेली इमारत येथे सापडते.

जिल्हा परिषदेच्या शाळेत मात्र हा दुवा कच्चा राहण्याची भीती असते. शाळेत जडसंग्रह नोंदवही असते आणि जिल्हा परिषदेकडे मालमत्तांची नोंद असते. परंतु बांधकामाचे पैसे जिल्हा परिषदेच्या खात्यातून गेलेले नसतात, देयकही तिच्याकडे आलेले नसते. कोनशिला बसते, फीत कापली जाते, छायाचित्र वार्षिक अहवालात छापले जाते आणि हस्तांतरणाचा लेखी करार व मूल्य नमूद केलेली ताबापावती मागे राहते. तसे झाल्यास इमारत कंपनीच्या पुस्तकांत खर्च म्हणून संपलेली आणि जिल्हा परिषदेच्या नोंदीत कधीच न आलेली, अशी दोन्हींच्या मध्ये राहते. त्याचे परिणाम दोन-तीन पावसाळ्यांनंतर कळतात. छप्पर गळू लागते तेव्हा दुरुस्तीच्या प्रस्तावासोबत नोंदीचा उतारा जोडता येत नाही. ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ आणि २२ जुलै २०२१ ची अतिवृष्टी, ज्यात महाड शहर पुराखाली गेले, तळीये येथे दरड कोसळली आणि पोलादपूरमधील केवनाळे व साखर सुतारवाडीतही दरडींनी बळी घेतले, या आपत्तींचा अनुभव घेतलेल्या परिसरात दुरुस्तीचा प्रश्न दूरचा नाही.

नोंद तपासावी कशी :

सप्टेंबर २०२२ मध्ये कंपन्यांच्या सीएसआर अहवालाचा नमुना बदलण्यात आला. पूर्वीच्या नमुन्यात प्रत्येक प्रकल्पाचे नाव, राज्य व जिल्हा यांचा तक्ता असे. नव्या नमुन्यात सर्व प्रकल्पांचा एकत्रित आकडा पुरतो. संशोधकाच्या दृष्टीने ही पीछेहाट म्हणावी लागेल. तसा जुना तक्ताही जिल्ह्यापाशीच थांबत असे. रायगड जिल्ह्यात पंधरा तालुके आहेत. पनवेल किंवा उरणमध्ये झालेला खर्च आणि पोलादपूरमध्ये झालेला खर्च दोन्ही 'रायगड' या एकाच शब्दात सामावत. डोंगरी तालुक्याच्या वाट्यास किती आले, याचे उत्तर जिल्ह्याच्या आकड्यातून निघत नाही.

नव्या नमुन्याने एक खिडकी मात्र उघडली आहे. वर्षभरात भांडवली मालमत्ता उभी राहिली असल्यास तिचे वर्णन, संपूर्ण पत्ता, पिनकोड, निर्मितीची तारीख, त्यावर खर्च झालेली सीएसआर रक्कम आणि नोंदणीकृत मालकाचे नाव व पत्ता द्यावा लागतो. महाडचा पिनकोड ४०२३०१, औद्योगिक वसाहतीचा ४०२३०९ आणि पोलादपूरचा ४०२३०३ आहे. म्हणजे जिल्ह्याच्या आकड्यात जे लपत होते ते वर्गखोल्यांपुरते तरी आता पिनकोडवरून वेगळे काढता येते. पिनकोडची हद्द आणि तालुक्याची हद्द तंतोतंत जुळत नाहीत, त्यामुळे गावाचे नाव वाचणे आवश्यक असते. वह्या, संगणक प्रशिक्षण किंवा मानधनी शिक्षक यांवरील खर्च या तक्त्यात येत नाही.

एखाद्या शाळेच्या बाबतीत पडताळणी करावयाची झाल्यास चार कागद शेजारी ठेवावेत. कंपनीच्या अहवालातील मालमत्तेचा तक्ता, तिच्या वित्तीय पत्रकांतील तरतुदीची टीप, जिल्हा परिषदेची ताबापावती आणि शाळेने दरवर्षी यूडायस प्रणालीत भरलेली वर्गखोल्यांची संख्या. उदाहरणातील शाळेच्या बाबतीत तक्त्यात पोलादपूरचा पिनकोड व मालक म्हणून रायगड जिल्हा परिषद असे हवे. निर्मितीची तारीख २०२५-२६ मधील हवी, कारण मार्च २०२५ मध्ये इमारत पूर्ण नव्हती. २०२४-२५ च्या अहवालातच ती पूर्ण झाल्याची तारीख आढळली तर त्याच वर्षीची १२ लाखांची तरतूद कशासाठी, हा प्रश्न विचारता येतो. यूडायसमधील वर्गखोल्या काम पूर्ण झाल्यानंतरच्या वर्षी दोनने वाढलेल्या दिसाव्यात. पिनकोडच्या रकान्यात वसाहतीचा क्रमांक आढळल्यास तो बहुधा कार्यालयीन पत्ता घाईत उतरविल्याचा परिणाम असतो, पण त्यामुळे पोलादपूरची खोली कागदावर महाडची होते.

कंपनीने स्वतः मूल्यमापन केले असेल अशी अपेक्षा येथे ठेवता येत नाही. मागील तीन वर्षांत ज्यांचे सरासरी दायित्व १० कोटी किंवा अधिक आहे अशाच कंपन्यांना, आणि तेही १ कोटी किंवा अधिक खर्चाच्या प्रकल्पांचे, स्वतंत्र संस्थेकडून परिणाम मूल्यमापन करून घेणे बंधनकारक आहे. १ कोटी दायित्वाची कंपनी आणि ३० लाखांच्या दोन खोल्या या दोन्ही कसोट्यांच्या खाली राहतात. या परिसरातील असे लहान शाळा प्रकल्प मूल्यमापनाच्या कक्षेबाहेर आहेत ते यामुळेच. त्यांच्याविषयी जे काही कळते ते वरील कागदांतूनच कळते.

दुरुस्तीचा खर्च पुन्हा सीएसआरमधून करता येतो. शाळेच्या नेहमीच्या दुरुस्तीसाठी तो शिक्षणाच्या बाबीत, तर पूर किंवा वादळानंतरच्या पुनर्बांधणीसाठी २०१९ मध्ये अनुसूची सातमध्ये समाविष्ट झालेल्या आपत्ती व्यवस्थापनाच्या बाबीत दाखविता येतो. मात्र तो ज्या वर्षी होईल त्या वर्षीचा नवा खर्च असतो. मूळ ३० लाखांशी पुस्तकांत त्याचा कोणताही संबंध उरत नाही, कारण ज्या इमारतीची दुरुस्ती झाली ती कंपनीच्या पुस्तकांत कधी नव्हतीच. ताबापावतीवर मूल्य आणि तारीख असेल तर तो संबंध जिल्हा परिषदेच्या नोंदीत सापडतो.